रिसेप्शनचा वाय-फाय पासवर्ड: सूचना कशी लिहावी आणि नोंद कुठे ठेवावी

«आमचा बालरोग दवाखाना आहे. कर्मचारी सात. रिसेप्शनवरच्या वाय-फायचा पासवर्ड गेली चार वर्षे दवाखान्याचा मोबाइल नंबरच आहे आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडची एक मुलगी नोकरी सोडून गेली, म्हणून आता तो बदलायचा आहे. कर्मचाऱ्यांना आठवणीची सूचना कशी लिहावी? आणि नवा पासवर्ड कुठे लिहून ठेवावा, म्हणजे तो हरवणारही नाही आणि पसरणारही नाही?»
— एक डॉक्टर वाचक, वाई

डॉक्टर, सूचनेचा मसुदा मी पुढे दिला आहे. परंतु ती सूचना लावण्यापूर्वी एक काम करावे लागते, आणि ते राहून गेले तर सूचना कितीही नेटकी असली तरी पासवर्ड बदलल्यानंतरच्या पहिल्याच ओपीडीत दवाखाना अडतो. आपल्या वाय-फायवर नेमकी कोणकोणती उपकरणे चालतात याची यादी करणे, हे ते काम.

ही यादी न करता पासवर्ड बदलण्याची चूक माझ्या हातून झालेली आहे. असाच एक बालरोग दवाखाना होता. शनिवारी संध्याकाळी मी तिथला पासवर्ड बदलला, रिसेप्शनचा संगणक, दोन्ही डॉक्टरांचे फोन आणि टॅबलेट जोडून दिले आणि निघालो. सोमवारी सकाळी प्रिंटरमधून पावती निघेना. रिसेप्शनवरच्या ताईंनी प्रिंटचे बटण पुन्हा पुन्हा दाबले, आणि दुपारी मी प्रिंटर नव्या पासवर्डवर जोडताच रांगेत अडकलेल्या त्या सगळ्या पावत्या एकामागून एक बाहेर पडल्या. तेवढे निस्तरता आले. खरी काळजीची गोष्ट संध्याकाळी लक्षात आली: लशींच्या फ्रीजमध्ये बसवलेले, तापमान नोंदवून फोनवर इशारा देणारे छोटे यंत्र शनिवारपासून गप्प होते. नेटवर्क तुटले म्हणून ते ओरडत नाही. ॲपमध्ये शेवटचे तापमान 4.6 अंश दिसत होते आणि ते 2 ते 8 अंशांच्या आत असल्यामुळे कोणालाच शंका आली नाही. त्या आकड्याशेजारची वेळ शनिवार संध्याकाळची आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते. फ्रीजमधल्या साध्या कमाल-किमान तापमापकावरून लशी सुरक्षित असल्याची खात्री झाली, पण त्या दोन दिवसांत वीज गेली असती तर इशारा कोणालाही मिळाला नसता.

म्हणून आधी यादी करावी. रिसेप्शनच्या संगणकावर ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता टाकावा. बहुतेक राउटरवर तो `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो आणि राउटरच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेला असतो. आत `Connected Devices` किंवा `DHCP Client List` अशा नावाचे पान मिळेल. त्यात फोनची नावे सहज ओळखू येतात, प्रिंटरचेही येते. परंतु `ESP_` अशा अक्षरांनी सुरू होणारे एखादे नाव दिसले तर ते कोणाच्या फोनचे नसून अशाच एखाद्या छोट्या यंत्राचे असण्याचा संभव असतो. ओळख पटत नसेल तर ते यंत्र एक मिनिट बंद करून यादीतले नाव जाते का ते पाहावे. काही राउटरवर नाव जायला थोडा वेळ लागतो. सात कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात या यादीत साधारणपणे संगणक, प्रिंटर, टॅबलेट, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र आणि फ्रीजचे यंत्र निघते. ही यादी कागदावर उतरवून ठेवावी. बदल झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे खूण करण्यासाठी हाच कागद वापरायचा आहे.

आता नव्या पासवर्डाविषयी. मोबाइल नंबर निरुपयोगी आहे, कारण तो पाटीवरच लिहिलेला असतो. आणि समजा पाटीवरचा नसून दुसरा कोणता नंबर घेतला, तरीही उपयोग नाही. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक 6 ते 9 या अंकांनी सुरू होतात, त्यामुळे शक्यता एकूण चारशे कोटीच उरतात. एखादा फोन वाय-फायला जोडला जात असतानाचे सुरुवातीचे संदेश कोणी जवळ बसून टिपले, तर पुढचे सगळे अंदाज त्याला घरी, स्वतःच्या संगणकावर तपासता येतात, आणि चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासतो. याचा अर्थ असा की चारशे कोटी शक्यता सव्वा तासाच्या आत संपतात.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान आणि मध्ये आडवी रेघ, असे घ्यावेत. शब्द मनाने सुचवू नयेत. एखादे जाड पुस्तक पाच ठिकाणी उघडून डोळे मिटून बोट ठेवावे आणि बोटाखाली येईल तो शब्द घ्यावा. मन नेहमी मुलांची नावे, गावाचे नाव आणि जन्मसाल याच वाटेने जाते. नमुना म्हणून पाहा:

```
sutli-vadal-khidki-mohor-dagad
```

हा नमुना छापला गेला असल्यामुळे तो मात्र वापरू नये. वाय-फाय पासवर्डला किमान 8 आणि कमाल 63 अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे पाच शब्द सहज बसतात. मोठी अक्षरे आणि चिन्हे टाळण्यामागे व्यवहारी कारण आहे. प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर बाणाची बटणे दाबत एकेक अक्षर निवडावे लागते, तिथे `@` शोधण्यातच पाच मिनिटे जातात. आणि कागदावर हाताने लिहिलेला शून्य आणि मोठा O, किंवा एक आणि लहान l, वाचणाऱ्याला हमखास चकवतात.

बदल करण्यासाठी दुपारची वेळ निवडावी. आपल्याकडे सकाळची ओपीडी एकच्या सुमारास संपते आणि संध्याकाळची पाचला सुरू होते. मधला वेळ या कामाला पुरतो, आणि काही अडले तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा किंवा केबलवाल्यांचा माणूस त्या वेळी फोनवर मिळतो. शनिवारची संध्याकाळ नको. काम करणारा संगणक आधी केबलने राउटरला जोडून घ्यावा, नाहीतर नवा पासवर्ड जतन करताच आपलाच संगणक बाहेर फेकला जातो आणि पुढची पाने उघडत नाहीत.

इथे एक चूक फार वेळा होते. बऱ्याच राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशी दोन वाय-फाय वेगवेगळ्या पानांवर असतात. एका पानावरचा पासवर्ड बदलला जातो आणि दुसऱ्यावरचा जुना तसाच राहतो. सगळे नीट चालते आहे असे वाटते, आणि जुना मोबाइल नंबर टाकून बाहेरचा माणूस पूर्वीसारखाच आत येतो. आतल्या खोलीत सिग्नल पोहोचवण्यासाठी एक्स्टेंडर लावला असेल तर त्याचेही तेच होऊ शकते. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे: एका फोनवर ते नेटवर्क `Forget` करावे, मग मुद्दाम जुनाच पासवर्ड टाकून पाहावा, आणि तो दोन्ही नावांवर नाकारला गेला तरच बदल झाला असे समजावे. सुरक्षेच्या प्रकारात `WPA2` किंवा `WPA2/WPA3` निवडावे; केवळ `WPA3` निवडल्यास फ्रीजच्या यंत्रासारखी जुनी उपकरणे बऱ्याचदा जोडली जात नाहीत. त्याच वेळी `WPS` बंद करावे आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्डही बदलावा. तो वाय-फायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवावा.

सूचना लिहिण्यापूर्वी आणखी एक निर्णय आपल्याला घ्यावा लागेल, आणि माझे मत त्याबाबतीत ठाम आहे. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन आणि रुग्णांच्या पालकांचे फोन दवाखान्याच्या मुख्य वाय-फायवर असू नयेत. ज्या फोनमध्ये पासवर्ड एकदा साठवला, तो फोन पासवर्ड पुन्हा दाखवतो: अँड्रॉइड 10 पासून पुढच्या फोनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये शेअरचे बटण दाबले की क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्ड स्पष्ट अक्षरांत असतो, आयफोनवरही आयओएस 16 पासून तो पाहता येतो. विंडोजच्या संगणकावर, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून ही एक आज्ञा दिली की `Key Content` या ओळीपुढे तो वाचता येतो:

```
netsh wlan show profile name="Reception" key=clear
```

अवतरण चिन्हांत आपल्या नेटवर्कचे नाव येते. म्हणजे सात जणांच्या फोनवर पासवर्ड टाकून दिला आणि मग तो कोणाला सांगू नका असे बजावले, तर त्या बजावण्यावर विसंबता येत नाही. त्यात कर्मचाऱ्यांचा अप्रामाणिकपणाही नसतो, रांगेत बसलेल्या पालकाने आग्रह धरला की क्यूआर कोड पुढे केला जातो, इतकेच. राउटरमध्ये `Guest Network` ची सोय असेल तर ती सुरू करावी, पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू देण्याचा पर्याय बंद ठेवावा आणि सगळे खासगी फोन तिथे न्यावेत. त्याचा पासवर्ड काउंटरवर कार्ड ठेवून उघडपणे दिला तरी चालतो, कारण तिथून प्रिंटर आणि रुग्णांच्या नोंदींचा संगणक दिसत नाही. दिसत नाही ना, हे मात्र तपासावे: पाहुण्यांच्या वाय-फायवरच्या फोनमधून ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकावा, प्रिंटरचे पान उघडले तर तो पर्याय चुकून सुरू राहिला आहे. मुख्य वाय-फायचा पासवर्ड मग दवाखान्याच्या मालकीच्या उपकरणांतच, आणि तोही आपण किंवा आपण नेमलेल्या एकाच व्यक्तीने टाकावा.

इतके ठरले की सूचना लहान होते. बदलाच्या दोन दिवस आधी ती कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावावी आणि बदलाच्या दिवशी सकाळी तोंडी आठवण द्यावी. रिसेप्शनच्या काचेवर, जिथे पालकांची नजर जाते, तिथे ती नको. मजकूर असा ठेवता येईल:

> सर्व कर्मचाऱ्यांसाठी सूचना
>
> येत्या बुधवारी दुपारी 1.30 ते 3.30 या वेळेत रिसेप्शनच्या वाय-फायचा पासवर्ड बदलण्यात येईल. या वेळेत प्रिंटर, टॅबलेट आणि संगणकावरील इंटरनेट बंद राहील. त्यामुळे सकाळच्या ओपीडीच्या पावत्या आणि अहवाल 1.30 पूर्वी छापून घ्यावेत.
>
> दवाखान्याची उपकरणे नव्या पासवर्डवर जोडण्याचे काम मोठ्या सिस्टर करतील. इतरांनी कोणतेही उपकरण स्वतः जोडण्याचा प्रयत्न करू नये. प्रिंटर चालत नसल्यास प्रिंटचे बटण पुन्हा दाबू नये, सिस्टरांना सांगावे.
>
> आपल्या स्वतःच्या फोनसाठी आणि पालकांसाठी पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय सुरू करण्यात येत आहे. त्याचे कार्ड काउंटरवर मिळेल. आपल्या फोनमधील जुने नेटवर्क `Forget` करावे.
>
> नवा पासवर्ड या सूचनेत दिलेला नाही आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवरही पाठवला जाणार नाही. कंपनीतून बोलतो आहे असे सांगून फोनवर कोणी पासवर्ड विचारल्यास सांगू नये. विचारणाऱ्याचे नाव व वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना कळवावे.
>
> गुरुवारी सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी फ्रीजच्या तापमानाची ॲपमधील नोंद पाहावी. आकड्याबरोबर त्या नोंदीची वेळही पाहावी. वेळ अर्ध्या तासापेक्षा जुनी असल्यास लगेच सांगावे.

«मोठ्या सिस्टर» ऐवजी आपल्याकडे हे काम जी व्यक्ती करणार असेल तिचे नाव घालावे. फक्त «संबंधितांशी संपर्क साधावा» असे लिहू नये, कारण मग प्रत्येक जण दुसऱ्याला संबंधित समजतो. आपले यंत्र किती वेळाने नोंद पाठवते ते पाहून शेवटच्या परिच्छेदातला अर्धा तास कमी-जास्त करावा.

आता नोंदीकडे येतो. माझ्या अनुभवात पासवर्ड पसरल्यामुळे जेवढे दवाखाने अडचणीत आले, त्याहून जास्त दवाखाने तो हरवल्यामुळे आले, आणि हरवतो तो बहुधा वाय-फायचा नव्हे तर राउटरच्या ॲडमिनचा. तो आठवत नसला की कोणीतरी राउटरच्या पाठीमागच्या छिद्रात टाचणी घालून रीसेट करते. त्याबरोबर इंटरनेट कंपनीने दिलेले जोडणीचे नाव आणि पासवर्ड, जे राउटर बसवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी टाकलेले असते, तेही पुसले जाऊ शकते, आणि मग ते कंपनीकडून पुन्हा मिळेपर्यंत दवाखान्यात इंटरनेट नसते.

म्हणून एकाच कागदावर पुढील सगळे लिहावे: वाय-फायचे नाव आणि पासवर्ड, राउटरचा पत्ता, ॲडमिनचे नाव आणि पासवर्ड, इंटरनेट जोडणीचे नाव आणि पासवर्ड, ग्राहक क्रमांक, बदलाची तारीख, बदल कोणी केला आणि का केला. उपकरणांची खुणा केलेली यादी त्यालाच जोडावी. अक्षरे सुटी आणि छापील वळणाची काढावीत. मग एक गोष्ट अवश्य करावी, जी जवळजवळ कोणीच करत नाही: ज्याने कागद लिहिला त्याने बाजूला व्हावे, आणि दुसऱ्या व्यक्तीने केवळ तो कागद पाहून एक उपकरण वाय-फायला जोडून दाखवावे आणि राउटरच्या पानात शिरून दाखवावे. लिहिणाऱ्याला पासवर्ड पाठ असतो, त्यामुळे कागदावर राहून गेलेली आडवी रेघ त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. अशी चूक त्या दुपारीच सापडली तर दुरुस्त होते. वर्षभराने पाकीट फोडल्यावर सापडली तर तो कागद कवडीमोलाचा ठरतो.

तपासून झालेला कागद पाकिटात घालून ते चिकटवावे, जोडावर आपण आणि दुसऱ्या डॉक्टरांनी किंवा व्यवस्थापकांनी सह्या कराव्यात आणि सह्यांवरून पारदर्शक पट्टी लावावी. पाकिटावर फक्त «राउटर» आणि तारीख असावी. ते कुलूपबंद कपाटात ठेवावे, आणि ते कपाट ज्याच्यात राउटर आहे तेच नसावे. अशीच दुसरी प्रत आपल्या घरी ठेवावी, किंवा बिटवॉर्डन, कीपास यांसारख्या पासवर्ड साठवणाऱ्या ॲपमध्ये नोंदवावी. फक्त ॲपवर मात्र विसंबू नये. आपण परगावी असताना सिस्टरांना प्रिंटर जोडायचा झाला तर आपला फोन त्यांच्या हाती नसतो, पाकीट असते. पाकीट फोडले की कोणी, कधी आणि कशासाठी फोडले हे एका वहीत लिहावे, आणि नवे पाकीट सह्यांसह त्याच आठवड्यात तयार करावे.

अपॉइंटमेंटची वही, कीबोर्डखालची चिठ्ठी आणि फोनमध्ये काढलेला कागदाचा फोटो या तीन जागा टाळाव्यात. वही काउंटरवर उघडी असते, चिठ्ठी सफाईच्या वेळी कोणाच्याही हाती लागते, आणि फोटो आपल्या नकळत घरातल्या सगळ्यांच्या सामायिक अल्बममध्ये जाऊन बसतो. व्हॉट्सॲप ग्रुपचे कारण वेगळे आहे: नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीला ग्रुपमधून काढले तरी तिच्या फोनवरचे जुने संदेश तसेच राहतात.

पुढे कधी बदलावा, हे आपण विचारलेले नाही, पण सूचनेखाली ते एका ओळीत आलेले बरे. दर महिन्याला बदलण्याच्या मी विरुद्ध आहे; सक्तीने वरचेवर बदलावा लागला की शेवटी 01, 02 असे आकडे लागू लागतात आणि पुढचा पासवर्ड कोणालाही ओळखता येतो. पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती नोकरी सोडून गेली, तो साठवलेला टॅबलेट हरवला, बाहेरच्या तंत्रज्ञाला तो सांगावा लागला, किंवा पाकीट फोडलेले आढळले आणि वहीत नोंद नाही, अशा प्रत्येक प्रसंगी मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी बदलावा. आपली जी कर्मचारी गेली तिच्या फोनमध्ये आज दवाखान्याचे मुख्य वाय-फाय साठवलेले आहे. तेव्हा सूचना येत्या सोमवारी लावावी आणि बदल बुधवारीच करावा.